पहिल्यांदा ५०० मीटर पळणाऱ्या पोराला किती वेळेचं टार्गेट द्यावं?

प्रश्न: "पोरगा १० वर्षांचा आहे, पाचवीत. तीन आठवड्यांनी केंद्राच्या स्पर्धेत ५०० मीटर पळणार आहे, पहिल्यांदाच. १०० मीटर २० सेकंदात जातो, त्या हिशोबानं ५०० ला १ मिनिट ४० सेकंद होतात. मी २ मिनिटाचं टार्गेट दिलं तर बरोबर राहील का? बाकी तो शाळेत पायी जातो आणि सकाळी माझ्यासोबत थोडा हळू पळतो."

भाऊ, २ मिनिटं नका देऊ. १०० ची वेळ घेऊन तिला ५ नं गुणणं, इथंच बहुतेक पालक चुकतात. २० सेकंदात १०० मीटर म्हणजे ताशी १८ किलोमीटर, पण तो वेग पोट्टं १०० मीटरपुरताच धरू शकते, फार तर दीडशेपर्यंत, त्याच्या पुढं पाय जड होतात. या वयाच्या लेकराला दम लागला की तो परतही लवकर येतो, पण जोर लावून दीड-दोन मिनिटं टिकवणं त्याला मोठ्या माणसापेक्षा अवघड जाते. नवीन पोरासाठी ५०० मीटर ही जवळपास तीन मिनिटांची शर्यत आहे, आणि तीन मिनिटांत खरं काम दमाचंच असते. म्हणून टार्गेट काढायचं तर १०० वरून नाही, तुम्ही शेवटी जे सहज लिहून गेले ना, पायी जातो आणि हळू पळतो, त्याच्यावरून काढायचं.

पण आधी ५०० मीटर हे खरंच ५०० आहेत का ते पाहून घ्या. मी १४ वर्षांपासून आमच्या गावाकडच्या पोरांचं पळणं घेऊन राहिलो आणि सगळ्यात जास्त फसलो ते अंतरानं. एका शाळेचं मैदान सगळेच २०० मीटरचं म्हणायचे, तिथं दोन वर्षं आम्ही वेळा घेतल्या, मग एकदा टेप लावला तर फेरी १८० ची निघाली. म्हणजे अडीच फेऱ्यांचे ५०० नाही, ४५० च होत होते, आणि दुसऱ्या मैदानावर जाऊन लेकरं २०-२२ सेकंद मागं पडली की रडायची. मोबाईलच्या जीपीएसवर इतक्या कमी अंतरात भरवसा ठेवू नका, गोल फेरीत तर अजिबातच नाही, तो वळणावरचे कोपरे कापून मोजते. वावर मोजायचा ३० मीटरचा टेप कोणाकडं तरी असतोच. तोही नसला तर सायकलीच्या चाकाला एका जागी पांढरी चिंधी बांधा, चाकाचा एक पूर्ण फेर जमिनीवर किती जातो तो मोजून घ्या (मोठ्या माणसाच्या २६ इंची सायकलीचा साधारण २ मीटर ७ सेंटीमीटर भरतो, पण तुमचा तुम्ही मोजा) आणि मग सायकल हातानं ढकलत चिंधी किती वेळा खाली आली ते मोजत जा. २ मीटर ७ सेंटीमीटरला १०० मीटरसाठी ४८ फेर आणि वर थोडं. सरळ पांदण रस्त्यावर असे १०० मीटर आखून दोन्ही टोकांला दगड ठेवले तरी काम होते, पण प्रत्येक टोकाला वळताना दोन-तीन सेकंद जातात हे ध्यानात ठेवा, मैदान बरं.

आता मोजणी. पहिल्या दिवशी त्याला ५०० मीटर चालायला लावा, शाळेत उशीर होत असताना जसा चालतो तसं, पळायचं नाही. दहा मिनिटं बसू द्या, पाणी द्या. मग हळू पळायला लावा, इतकं हळू की सोबत पळताना तो तुमच्याशी बोलू शकला पाहिजे, बोलणं तुटलं तर वेग जास्त झाला समजा. दोन्ही वेळा सेकंदात लिहून घ्या. ताशी वेग पाहायचा असला तर १८०० ला सेकंदांनी भागा, लगेच किलोमीटरमध्ये उत्तर येते.

मागच्या हंगामातल्या माझ्या एका पोराचे आकडे सांगतो, तुमच्या पोरासारखाच, दहा वर्षांचा, पहिलीच शर्यत. चालून ५०० ला ५ मिनिटं ५० सेकंद लागले, म्हणजे १०० मीटरला ७० सेकंद. हळू पळून ३ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे १०० ला ४४. १०० मीटर तोही २० सेकंदातच जायचा. माझ्या पाहण्यात असं आहे की ज्या पोराला शिकवणी नाही, तो पहिल्या शर्यतीत आपल्या हळू पळण्याच्या वेळेच्या साधारण पाऊण पट ते ऐंशी टक्के वेळ घेतो, जर तो सुरुवातीलाच जोर लावून फुटला नाही, म्हणजे मधातच दमून गेला नाही तर. ३ मिनिटं ४० म्हणजे २२० सेकंद, त्याच्या ऐंशी टक्के १७६ आणि पाऊण पट १६५. मी मधातलं १७० धरलं, म्हणजे २ मिनिटं ५० सेकंद, १०० ला ३४. हा काही विज्ञानाचा नियम नाही, माझ्या वहीतला अंदाज आहे, म्हणून तो दुसऱ्या बाजूनं तपासून पाहायचा.

तपासायचं असं, की दोन दिवस मध्ये सोडून त्याला ३०० मीटर जोरात पळवा, शेवटपर्यंत एकसारखं. जी वेळ आली तिला ५ नं गुणून ३ नं भागा आणि वर ८ ते १० सेकंद जोडा, शेवटच्या २०० मीटरला पाय थकतात त्याचे. त्या पोरानं ३०० ला ९६ सेकंद घेतले होते, ९६ चे १६० झाले, वर १० जोडून १७०. दोन्ही हिशोब एका जागी आले तर टार्गेट पक्कं समजायचं. वेगळे आले, समजा एकात १७० आणि दुसऱ्यात १८४, तर मी मोठा आकडा घेतो, काहून की पहिल्या शर्यतीत लेकरू दमून थांबण्यापेक्षा शेवटी थोडा जोर उरलेला चांगला. शाळेत खेलो इंडियाच्या फिटनेस टेस्टमध्ये ६०० मीटर घेतलेले असतील तर तीही वेळ विचारून घ्या. तिला ५ नं गुणून ६ नं भागलं की ५०० चा अंदाज येतो, खरं तर त्याहून दोन-चार सेकंद कमीच लागायला पाहिजे, म्हणून हा आकडा शेवटची हद्द समजा.

आता चालण्याची वेळ कशाला घेतली ते सांगतो, कारण माझ्या मते तीच सगळ्यात कामाची आहे. नवीन पोट्टं शर्यतीत काय करते, शिट्टी वाजली की सगळ्यांसोबत सुसाट निघते, पहिले १०० मीटर २५ सेकंदात, दुसरे ३० मध्ये, तिसरे ४० पर्यंत जातात आणि मग पोटात दुखायला लागते किंवा दम सुटतो आणि ते चालायला लागते. तिथं घड्याळ काय म्हणते ते पाहा. चालून १०० ला ७० सेकंद, पळून ३४, म्हणजे प्रत्येक १०० मीटर चालण्याचे ३६ सेकंद गेले. ३५० मीटर तो १०० ला ३० च्या वेगानं आला असं धरलं, म्हणजे १०५ सेकंदात आला, आणि उरलेले दीडशे चालला, ते १०५, एकूण २१० सेकंद. साडेतीन मिनिटं. म्हणजे जोरात पळून, चालून, हताश होऊन जेवढ्यात पोचला तेवढ्यात तो बोलत बोलत हळू पळूनही जवळपास पोचला असता, आणि सुरुवातीपासून ३४-३४ नं आला असता तर ४० सेकंद आधी. आणि दमल्यावर चालण्याच्या ऐवजी तो हळू पळण्यावर उतरला तर १०० ला फक्त १० सेकंद जातात. म्हणून माझ्या पोरांना एकच गोष्ट पाठ असते, दमलं तर हळू पळायचं, चालायचं नाही. तुमच्या पोराच्या तिन्ही वेळा एका कागदावर लिहून त्याला समोर बसवून हे दाखवा, या वयाचं पोरगं हा हिशोब बरोबर समजून घेते.

त्याला सांगायचे टार्गेट मी असे ठेवतो. २ मिनिटं ५० हे खरं टार्गेट, ३ मिनिटं २० च्या आत कुठंही न चालता पोचला तरी आपण खूश, आणि २ मिनिटं ४० हे मी माझ्यापाशीच ठेवतो, पोराला सांगत नाही, कारण सांगितलं की तो पहिल्या फेरीतच ते गाठायला जातो. त्याला सेकंदापेक्षा फेरीचं सांगा. २०० मीटरची फेरी असली तर अडीच फेऱ्या, १७० च्या हिशोबानं पहिली ६८, दुसरी ६८, शेवटची अर्धी ३४. पहिली ६८ ते ७० मध्ये आली तर बरोबर, ६० च्या आत आली तर दुसऱ्या फेरीच्या शेवटी तो फुटणार हे जवळपास नक्की समजा. सराव करताना तुम्ही फेरीच्या रेषेवर उभे राहा आणि त्याला स्वतःच अंदाज सांगायला लावा, "किती झाले असतील रे?" मग खरी वेळ सांगा. आठ-दहा वेळा असं केलं की ३४ चा वेग त्याच्या पायात बसतो. पूर्ण ५०० तीन आठवड्यांत एकदाच जोरात पळवा, तेही शर्यतीच्या आठ-दहा दिवस आधी. एवढ्या दिवसांत दम फार वाढत नाही, सुधारणा जी होते ती वेग सांभाळण्याची होते.

अजून एक बारीक गोष्ट. गोल मैदानावर आतल्या फक्कीच्या रेषेजवळून पळायला शिकवा. एक मीटर बाहेरून पळालं की पूर्ण फेरीला सव्वासहा मीटर जास्त पडतात, अडीच फेऱ्यांना पावणेसोळा मीटरच्या आसपास, म्हणजे त्याच्या वेगानं पाचेक सेकंद उगाच गेले. पण सुरुवातीलाच आत घुसायला धक्काबुक्की करू नको म्हणा, पहिल्या वळणानंतर हळूच आत यायचं. कुणाला पुढं टाकायचं तर सरळ भागात, वळणावर नाही.

सरावाची वेळ स्पर्धेच्या वेळेजवळची ठेवा. आपल्या इकडं सकाळी थंडी असते, पण उद्घाटन, भाषणं होता होता धावणं बहुतेक अकरा-बाराच्या उन्हातच निघते, आणि सकाळी सात वाजता घेतलेली वेळ तिथं काही सेकंदांनी मागं पडते. काळ्या मातीचं मैदान असलं आणि भेगा असल्या तर आणखी. अशा दिवशी २ मिनिटं ५५ किंवा ३ मिनिटं झाले तरी टार्गेट गेलं असं समजू नका, ३०० मीटरची वेळ त्याच मैदानावर, त्याच उन्हात घेतली असती तर तीही तेवढीच वाढली असती. आणि पळताना छातीत दुखलं, शिट्टीसारखा आवाज यायला लागला किंवा थांबल्यावरही दहा-पंधरा मिनिटं दम बसला नाही तर वेळ-बिळ सोडा, आधी डॉक्टरला दाखवा, कापसाच्या दिवसांत धुळीनं काही लेकरांचा दमा याच वयात लक्षात येतो.