वेग आणि ठोक्यांची फारकत

प्रश्न : "रविवारी रंकाळ्यावर सत्तर मिनिटं पळालो. ॲपमध्ये Pa:Hr ६% दाखवतंय. ग्रुपमधले काही जण म्हणतात हा 'हार्ट रेट ड्रिफ्ट', काही म्हणतात 'डीकपलिंग'. दोन्ही एकच का? मराठीत याला काय म्हणावं? आणि ६% म्हणजे दम कमी पडतोय का?"

दोन्ही एकच नाहीत. ड्रिफ्ट फक्त हृदयाच्या ठोक्यांचं असतं. तुम्ही एकाच वेगानं पळत राहता आणि तरीही ठोके हळूहळू चढत जातात. डीकपलिंगमध्ये, म्हणजे ॲपमधल्या Pa:Hr मध्ये, वेग आणि ठोके दोन्ही येतात. पळण्याचे दोन समान भाग करायचे, पहिल्या भागात वेग आणि ठोके यांचं जे नातं होतं ते दुसऱ्यात किती बिघडलं हे बघायचं. म्हणून ड्रिफ्टला 'ठोके चढणे' आणि डीकपलिंगला 'वेग आणि ठोक्यांची फारकत', किंवा थोडक्यात नुसतं 'फारकत', असं मी म्हणेन. पहिला शब्द पळणाऱ्यांच्या तोंडी आहेच. दुसऱ्यात, जे एकत्र चाललं होतं ते वेगळं झालं, हा अर्थ बरोबर उतरतो.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. समजा, एक जण घड्याळाकडे बघत ठोके १४५ च्या वर जाऊ देत नाही. शेवटी शेवटी त्याला वेग उतरवावा लागतो. त्याचे ठोके चढलेच नाहीत, म्हणजे ड्रिफ्ट शून्य. फारकत मात्र झालीच आहे, कारण तेवढ्याच ठोक्यांत तो आता कमी अंतर कापतोय. दुसरा जण वेग धरून ठेवतो आणि ठोके चढू देतो. शरीरात दोघांच्याही एकच गोष्ट घडते आहे, आणि ती दोघांचीही पकडतो तो फारकतीचा आकडा.

आता ६% कसे येतात ते बघू. सत्तर मिनिटांतली पहिली दहा सोडून द्या. सुरुवातीला ठोके अजून वर यायचे असतात, ते धरले तर पहिला भाग उगाच चांगला दिसतो आणि फारकत फुगते. उरलेल्या साठ मिनिटांचे तीस-तीसचे दोन भाग करा. समजा पहिल्या भागात साडेचार किलोमीटर झाले, म्हणजे मिनिटाला १५० मीटर, आणि सरासरी ठोके १४०. भागाकार केला तर एका ठोक्यामागे १०७.१ सेंटिमीटर. दुसऱ्या भागात मिनिटाला १४८ मीटर आणि ठोके १४७. एका ठोक्यामागे १००.७ सेंटिमीटर. फरक ६.४ चा. तो १०७.१ च्या प्रमाणात काढला की ६% येतात. पेसच्या, म्हणजे किलोमीटरला लागणाऱ्या वेळेच्या, भाषेत हे ६:४० वरून ६:४५ झालं, फक्त पाच सेकंद. नुसता पेस बघणाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही.

हिशेब हातानं करणार असाल तर पेस तसाच भागाकारात घालू नका. पेस हा मिनिटं प्रति किलोमीटर असतो, त्यामुळे तो आकडा जितका मोठा तितके तुम्ही हळू. आधी मीटर प्रति मिनिट करून घ्या. आपल्याकडे 'पेस वाढला' याचे दोन अर्थ होतात, कुणाला वेग वाढला म्हणायचं असतं तर कुणाला घड्याळातला आकडा वाढला. लिहिताना 'वेग वाढला' किंवा 'वेग उतरला' असंच लिहावं, गोंधळ उरत नाही.

आता दमाचं. प्रशिक्षक जो फ्रील यांनी हे मोजमाप पळणाऱ्यांत आणि सायकलवाल्यांत रूढ केलं, आणि ५% च्या आत फारकत राहिली तर त्या वेगाला आणि तेवढ्या वेळेला दमसास पुरेसा आहे असं धरायची पद्धत पडली. ५% हा अनुभवातून ठरलेला ढोबळ अंदाज आहे. तुमचे ६% त्याच्या जरासेच बाहेर आहेत, आणि त्यावरून दम कमी आहे असं म्हणण्याआधी त्या सकाळी हवा कशी होती हे विचारायला हवं.

कारण ठोके चढण्यामागे उष्णतेचा वाटा मोठा असतो. अंग तापलं की रक्त कातडीकडे जास्त वळतं. घामातून पाणी गेल्यानं रक्तातला पातळ भाग कमी होतो. हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं आणि ती तूट हृदय जास्त ठोके मारून भरून काढतं. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यात सकाळी सहाला सुरुवात केली तर दुसरा भाग पुरता उन्हात जातो. तिथे फारकत आली तर ती दमाची की उन्हाची, हे आकड्यावरून कळत नाही. पावसाळ्यात ऊन नसतं, पण हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, आणि परिणाम तोच. थंडीतल्या गार पहाटे त्याच वाटेवर, त्याच वेगानं पळूनही ६% च आले, तर मात्र ते दमाचं लक्षण मानायला हरकत नाही.

वाटही सपाट हवी. रंकाळ्याच्या फेऱ्या यासाठी चांगल्या, कारण दोन्ही भागांत जवळपास तोच रस्ता येतो. जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या चढावर एक भाग चढण आणि दुसरा उतार असला तर आकडा निरर्थक. चढाचा हिशेब ॲप करतं, पण अंदाजेच. ओळखीचं कुणी भेटलं म्हणून थांबलात, तर त्या दोन मिनिटांत ठोके खाली येतात आणि तो भाग बिघडतो.

कधी फारकत उणे येते, म्हणजे दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला दिसतो. अशा वेळी खूश होण्याआधी ठोक्यांची रेघ उघडून बघा. गार सकाळी मनगटावरचं घड्याळ सुरुवातीला ठोक्यांऐवजी पावलांचा ताल पकडतं. आरामात बोलत पळत असताना ठोके १६५-१७० दिसताहेत, आणि पावलांचा आकडाही तेवढाच आहे, तर ते ठोके नव्हेतच. रेघ मध्येच एकदम कोसळून १४० वर आलेली दिसेल. छातीचा पट्टा लावला की ही भानगड जवळजवळ राहत नाही.

तुमच्या बाबतीत मी एवढंच करेन. वेग आणि वेळ न वाढवता, त्याच वाटेवर, शक्य तितक्या लवकर सुरुवात करून पुढचे काही रविवार हाच आकडा बघेन. तो ५% च्या आत येऊन तिथे टिकला की सत्तरची ऐंशी मिनिटं करायची, वेग तोच ठेवून. गार सकाळीही १०% च्या पुढे जाऊ लागला तर सुरुवातीचा वेगच जास्त आहे. तो किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंदांनी उतरवून पुन्हा मोजा. आणि वीस-पंचवीस मिनिटांच्या पळण्यावर हा आकडा काढू नका, तेवढ्यात फारकत नीट दिसत नाही.

लिहिताना वाक्य असं करा : "साठ मिनिटांत सहा टक्के फारकत झाली." किती मिनिटांत हे सोबत नसेल तर ऐकणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. ग्रुपमध्ये टाकताना पहाटे पळालात की ऊन चढल्यावर, हेही जोडा.