पीएच.डी.साठी अध्ययन रजेचा अर्ज: बॉण्ड आणि पगाराबद्दल काय लिहावं

प्रश्न: "मी सिंधुदुर्गातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. पाच वर्षं सेवा झाली आहे. गोवा विद्यापीठात पीएच.डी.ला प्रवेश मिळतोय, विषय कातळसड्यावरच्या पावसाळी वनस्पती. जानेवारी २०२७ पासून पगारी अध्ययन रजा हवी आहे. प्राचार्य म्हणतात बॉण्ड लागेल. अर्जात 'नियमानुसार योग्य तो निर्णय व्हावा' एवढंच लिहिलं तर चालेल का?"

मॅडम, एवढंच लिहू नका. असा मोघम अर्ज मंजूरही मोघमच होतो. दोन वर्षांनी कुणी विचारलं की पगार कशाच्या आधारे दिला, किंवा परत येऊन सेवा करण्याचा बॉण्ड कधी संपला, तर दाखवायला कागदावर काहीच नसतं. तुमचा अर्ज हा या फाइलचा पहिला कागद आहे. प्राचार्य, संस्थेचं व्यवस्थापन आणि पनवेलचं सहसंचालक कार्यालय, तिघांचीही टिपणी त्यातल्याच शब्दांवर बेतली जाते. म्हणून जे मंजूर होऊन यायला हवं, ते तुमच्याच वाक्यांत आधी लिहा.

आधार म्हणून युजीसीचे २०१८ चे विनियम घ्या. त्यांतलं अध्ययन रजेचं कलम तुमच्यासारख्या सहायक प्राध्यापकांसाठीच आहे. सलग किमान तीन वर्षं सेवा झालेली हवी आणि संशोधन तुमच्या कामाशी थेट निगडित हवं. पगारी रजा एकूण तीन वर्षांपर्यंत मिळू शकते. आधी दोन वर्षं देतात, आणि मार्गदर्शकांनी प्रगती समाधानकारक आहे असं कळवलं तर आणखी एक. तुमची सेवा पुरेशी आहे. विषय कामाशी जुळतो हे मात्र वाचणाऱ्याला आपोआप कळेल असं धरू नका. व्यवस्थापनातल्या माणसाला 'कातळसड्यावरच्या वनस्पती' म्हणजे छंद वाटू शकतो. तुम्ही कोणत्या वर्गाला वनस्पती वर्गीकरण आणि परिसंस्था शिकवता, आणि परत आल्यावर त्यातलं काय महाविद्यालयात येणार (विद्यार्थ्यांची क्षेत्रभेट, हर्बेरियम), हे दोन वाक्यांत सांगा.

आता तारखा. या प्रकरणात तीन तारखा महत्त्वाच्या, आणि बहुतेक वाद त्यांच्यावरूनच होतात.

पहिली, रजा सुरू होण्याची. जानेवारी तुम्ही योग्य निवडला आहे, पण त्याचं कारण अर्जात दिसू द्या. जूनमध्ये रजा सुरू केली असती तर पहिला पावसाळा कोर्सवर्कमध्ये गेला असता, आणि सड्यावरची दीपकाडी, सीतेची आसवं ही पावसाळी फुलं तुमच्यासाठी थांबली नसती. १ जानेवारी २०२७ ला सुरू केली तर कोर्सवर्क मेपर्यंत आटोपतं आणि २०२७ व २०२८ असे दोन अख्खे पावसाळे हाती राहतात. दोन वर्षं ३१ डिसेंबर २०२८ ला संपतील. आणि हे लक्षात असू द्या: मंजुरीपासून बारा महिन्यांत रजेवर गेला नाहीत, तर मंजुरी आपोआप रद्द समजली जाते. प्रवेशाचं पत्र लांबलं तर हा मुद्दा आडवा येतो.

दुसरी तारीख अभ्यास 'पूर्ण' होण्याची. विनियमात असं आहे की रजेच्या काळात अभ्यास पूर्ण करू न शकणाऱ्या शिक्षकाला रजावेतन आणि इतर खर्च परत करावा लागू शकतो. आता पाहा, युजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार हा अभ्यासक्रम कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षांचा आहे. म्हणजे दोन वर्षांच्या रजेत पदवी हाती येणं शक्यच नाही. मुदतवाढ मिळून तीन वर्षं झाली, तरी प्रबंध तपासायला गेला, परीक्षकांचे अहवाल आले, मौखिक झाली, यात वेळ जातोच आणि तो तुमच्या हातात नसतो. त्यामुळे 'पूर्ण' याचा अर्थ अर्जातच ठरवून घ्या. माझं मत विचाराल तर बॉण्डच्या रकमेपेक्षाही हे वाक्य महत्त्वाचं आहे. मी असं लिहीन: "रजाकाळात कोर्सवर्क, क्षेत्रकाम आणि मार्गदर्शकांनी प्रमाणित केलेलं संशोधनकार्य पूर्ण करणे म्हणजे रजेचा हेतू पूर्ण होणे असे मानण्यात यावे. प्रबंध सादर करणे व पदवी प्रदान होणे हे विद्यापीठाच्या वेळापत्रकानुसार रजेनंतर झाल्यास त्यास कसूर समजू नये." व्यवस्थापन कदाचित प्रबंध सादर करण्याचा आग्रह धरेल. तसं झालं तर मुदतवाढीसह तीन वर्षांची अट मान्य करा, दोन वर्षांची नको.

तिसरी, बॉण्ड सुरू होण्याची. परत आल्यावर किमान तीन वर्षं सलग सेवा करण्याची हमी द्यावी लागते, आणि ती तीन वर्षं रुजू झालेल्या तारखेपासून मोजतात. पदवी कधी मिळाली याच्याशी तिचा संबंध नाही. दोन वर्षांनी १ जानेवारी २०२९ ला रुजू झालात तर बांधिलकी ३१ डिसेंबर २०३१ ला संपते. मुदतवाढ घेऊन १ जानेवारी २०३० ला रुजू झालात तर ३१ डिसेंबर २०३२ ला. या दोन्ही ओळी तारखांसह अर्जात घाला. काही ठिकाणी बॉण्डचा जुना छापील नमुना पुढे करतात, त्यात 'पदवीनंतर' किंवा 'पाच वर्षे' असं काहीतरी असतं. तुमच्या अर्जात तारखा असल्या की तो नमुना तिथेच दुरुस्त करून मागता येतो.

मुदतवाढीबद्दल एक कडक गोष्ट आहे. वाढ मागितली, मिळाली नाही आणि मूळ रजा संपल्यावर तुम्ही रुजू झाला नाहीत, तर तुम्ही परतच आला नाहीत असं धरलं जातं आणि वसुली लागू होते. माझ्या एका सहकाऱ्याने वाढीचा अर्ज शेवटच्या महिन्यात दिला आणि 'पत्र येईलच' म्हणून घरीच थांबले. पत्र आलं नाही. पुढचे कितीतरी महिने खुलासे लिहिण्यात गेले. तुम्ही ऑगस्ट २०२८ मध्येच मार्गदर्शकांच्या अहवालासह अर्ज द्या. ३१ डिसेंबरपर्यंत लेखी मंजुरी आली नाही तर १ जानेवारीला सरळ रुजू व्हा. वाढ नंतर आली तर पुन्हा जाता येईल का, हे तेव्हा बघू.

आता पगार. "अध्ययन रजेच्या काळात पूर्ण वेतन व अनुज्ञेय भत्ते मिळावेत" असं स्पष्ट लिहा. वाहतूक भत्ता रजेत मिळत नाही, तो धरू नका. रजेतल्या वेतनवाढी परत आल्यावर लागू होऊ शकतात, पण त्यांची थकबाकी मिळत नाही, हेही गृहीत धरा. फेलोशिप किंवा शिष्यवृत्ती मिळत असेल तर ती लपवायची नाही. ती मिळते म्हणून पगारी रजा नाकारत नाहीत, पण पगार ठरवताना ती हिशेबात घेतात. मिळत नसेल तर तसं एक वाक्य द्या आणि पुढे मिळाली तर कळवीन अशी हमी द्या. रजा अटींप्रमाणे पुरी झाली, तुम्ही रुजू झालात आणि बॉण्डची सेवा केलीत, तर हा काळ निवृत्तिवेतनासाठी सेवा म्हणून धरला जातो. तेही मंजुरी आदेशात यावं म्हणून अर्जात मागा.

पगार अडतो तो बहुधा नियमामुळे नाही, सहामाही अहवालामुळे. दर सहा महिने संपल्यावर एका महिन्यात मार्गदर्शकांचा प्रगती अहवाल प्राचार्यांकडे पोचायला हवा, नाहीतर तो येईपर्यंत पगार रोखता येतो. तुमचा पहिला अहवाल ३० जूनपर्यंतचा, म्हणजे ३१ जुलैच्या आत. ऐन पावसात तुम्ही सड्यावर असाल, मोबाइलला रेंज नसेल, मार्गदर्शक पणजीत असतील. म्हणून मेमध्येच त्यांच्याशी बोलून सहीची तारीख ठरवून ठेवा.

आता बॉण्डचा आकडा, कारण तो पाहिल्याशिवाय सही करू नये. समजा तुमचं मूळ वेतन आणि भत्ते धरून महिन्याला १,००,००० रुपये होतात. दोन वर्षांचे २४ लाख, तीन वर्षांचे ३६ लाख. परत करायची वेळ आली तर हीच पूर्ण रक्कम धरतात, हातात पडलेला पगार नाही. काही विद्यापीठांच्या बॉण्डमध्ये बांधिलकीचा निम्मा काळ सेवा केली असेल तर निम्मीच रक्कम वसूल करण्याची तरतूद असते. तुमच्या मसुद्यात ती नसेल तर ती घालण्याची विनंती अर्जातच करा. वैद्यकीय कारणावरून निवृत्त व्हावं लागलं तर वसुली माफ व्हावी, ही तरतूद बॉण्डमध्ये आली आहे ना ते पाहा.

तारण म्हणून स्थावर मालमत्ता, बँक हमी, विमा कंपनीचा फिडेलिटी बॉण्ड किंवा दोन कायम शिक्षकांची जामीनकी, यांपैकी एक चालतं. कोकणात बहुतेक जण शेवटचा मार्ग घेतात, कारण घर-जागेचा सातबारा भावकीत सामाईक असतो आणि तारण देताना सगळ्यांच्या सह्या लागतात. जामीन राहणाऱ्या दोघांना आकडा आधी सांगा. "औपचारिकता आहे" म्हणून सही घेऊ नका.

एकंदर अर्ज असा लिहा:

"प्रति, मा. प्राचार्य. विषय: पीएच.डी. संशोधनासाठी अध्ययन रजा मिळणेबाबत.
महोदय, मी वनस्पतिशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक म्हणून पाच वर्षे सलग सेवेत आहे. युजीसी विनियम २०१८ नुसार मला १ जानेवारी २०२७ ते ३१ डिसेंबर २०२८ अशी दोन वर्षांची अध्ययन रजा पूर्ण वेतन व अनुज्ञेय भत्त्यांसह मंजूर व्हावी, आणि प्रगती समाधानकारक असल्यास एक वर्षाच्या मुदतवाढीचा विचार व्हावा, ही विनंती. मला सध्या कोणतीही फेलोशिप मिळत नाही, मिळाल्यास त्वरित कळवीन. रुजू झाल्याच्या दिनांकापासून तीन वर्षे सलग सेवा करण्याचे बंधपत्र, रजा मंजुरीनंतर व रजेवर जाण्यापूर्वी, दोन कायम शिक्षकांच्या जामीनकीसह देण्यास मी तयार आहे. बंधपत्राचा मसुदा मंजुरी आदेशासोबत मिळावा. सहामाही प्रगती अहवाल नियमितपणे सादर करीन."

याखाली 'पूर्ण' याच्या अर्थाचं वर दिलेलं वाक्य, बांधिलकी संपण्याच्या तारखा, विषयाचा कामाशी संबंध आणि तुमच्या तासिकांची पर्यायी सोय यांचा एकेक परिच्छेद घाला. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचं मानधन कोण देणार, हे प्राचार्यांकडून लेखी घ्या, कारण फाइल नेमकी तिथेच थांबते. सोबत प्रवेशपत्र, मार्गदर्शकांची संमती आणि संशोधन आराखडा जोडा. अर्ज जुलै २०२६ मध्येच आवक क्रमांकासह द्या आणि पोच घ्या. मंजुरी आदेश हाती येऊन त्याचे शब्द तुमच्या अर्जाशी पडताळेपर्यंत बॉण्डवर सही करू नका. सही झाल्यावर त्याची एकेक प्रत दोन्ही जामीनदारांना द्या.