‘बदल’ नाही, ‘दुरुस्ती’ लिहा

प्रश्न: शेअर सर्टिफिकेटवर माझ्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलंय. कमिटीला दुरुस्तीचं पत्र कसं लिहू? सेक्रेटरी म्हणतात आधी अ‍ॅफिडेव्हिट आणा.

पत्राच्या विषयात ‘नाव बदलणे’ हे दोन शब्द चुकूनही लिहू नका. मी लिहिले होते आणि त्यापायी बाबांना अडीच महिने नाहक मनस्ताप झाला.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला. 2022 मध्ये रिडेव्हलपमेंटचं बोलणं पक्कं झालं, तेव्हा बिल्डरच्या वकिलाने नव्या घरांच्या करारनाम्यांसाठी सभासदांची यादी मागवली. सोसायटीने दिलेल्या यादीत बाबांचं नाव वेगळंच दिसलं. बाबांचं नाव ‘ज्ञ’ने सुरू होतं. आपण मराठी माणसं ते डी-एन-वाय असं लिहितो. यादीत होतं जी-वाय. कपाटातून शेअर सर्टिफिकेट काढलं, तर त्यावरही जी-वाय. 1986 साली तेव्हाच्या सेक्रेटरींनी शाईच्या पेनाने सर्टिफिकेटं भरली होती. पन्नास रुपयांचे पाच शेअर, क्रमांक 86 ते 90. बाकी सगळं बरोबर, फक्त नाव त्यांनी त्यांच्या कानाला वाटलं तसं उतरवलं. बाबांना हे तेव्हापासून माहीत होतं. ‘आपलंच घर आहे, कोण विचारतंय,’ म्हणून छत्तीस वर्षं कागद तसाच राहिला.

मी घाईघाईत पत्र लिहिलं. विषय होता, ‘शेअर सर्टिफिकेटवरील नाव बदलणेबाबत’. सेक्रेटरींनी ते ठेवून घेतलं, पोच दिली नाही. पाच आठवड्यांनी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “ताई, नाव बदलायचं म्हणजे ट्रान्सफर झालं. ट्रान्सफरचे फॉर्म भरा, पेपरात नोटीस द्या आणि पंचवीस हजार प्रीमियम भरा. मग मागच्या बाजूला नवीन नाव लिहून देतो.”

यातली खरी धोक्याची गोष्ट पैसे नव्हती, तो ‘मागच्या बाजूचा’ तक्ता होता. सर्टिफिकेटच्या मागे जो तक्ता असतो तो हस्तांतरणाच्या नोंदींसाठी असतो: कोणाकडून कोणाकडे शेअर गेले, कोणत्या तारखेला, कोणत्या सभेच्या मंजुरीने. तिथे बाबांचं बरोबर स्पेलिंग लिहिलं असतं, तर कागदावर असं दिसलं असतं की जी-वायवाल्या एका माणसाने आपलं घर डी-एन-वायवाल्या दुसऱ्या माणसाला दिलं. मग उद्या कोणताही वकील विचारणार की त्या व्यवहाराचा नोंदणीकृत दस्त कुठे आहे आणि स्टॅम्प ड्यूटी कुठे भरली. एक अक्षर दुरुस्त करायला जाऊन मालकीच्या साखळीत एक न झालेला व्यवहार घुसला असता.

आणि प्रीमियमचं म्हणाल, तर 9 ऑगस्ट 2001 च्या शासन निर्णयाने महापालिका क्षेत्रात त्याची कमाल मर्यादा 25,000 रुपये केली, ती हस्तांतरणासाठी. इथे हस्तांतरणच नव्हतं. सभासद तोच, घर तेच, शेअर तेच.

माझा दादा म्हणत होता, “देऊन टाक पंचवीस हजार, बिल्डरचं काम अडेल.” मी नाही म्हणाले. तो आजही दिवाळीत हा विषय काढतो की मी उगाच ताणलं. दादा हे वाचत असेल तर त्याने वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा. पैसे भरले असते तर पावतीवर ‘ट्रान्सफर प्रीमियम’ लिहून आलं असतं आणि ती चुकीची नोंद आपणच पैसे मोजून विकत घेतली असती.

मग मी सेक्रेटरींकडे सभासद नोंदवही बघायला मागितली. सभासदाचा तो हक्क आहे, म्हणून बाबांना बरोबर घेऊन ऑफिसात गेले. आय नमुन्याच्या नोंदवहीतही जी-वाय होतं आणि जे नमुन्यातल्या सभासद यादीतही. वकिलाला गेलेली यादी तिथूनच निघाली होती. म्हणजे नुसतं सर्टिफिकेट दुरुस्त करून काही उपयोग नव्हता, पुढची प्रत्येक यादी पुन्हा चुकीचीच निघाली असती. तिथेच त्या जुन्या फायलीत बाबांचा सभासदत्वाचा मूळ अर्ज सापडला. अर्ज मराठीत भरलेला, खाली बाबांची इंग्रजी सही. ती ठसठशीत डी-एन-वाय. चूक सोसायटीच्या हातून झाली याचा पुरावा सोसायटीच्याच कपाटात होता. तुम्हीही अ‍ॅफिडेव्हिटच्या आधी तो अर्ज शोधा. मग घरातला खरेदी करारनामा काढा. त्यावर स्पेलिंग बरोबर असेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

दुसरं पत्र मी ऑगस्टमध्ये दिलं, बाबांच्या सहीने. गाभा हा असा:

‘प्रति, मा. सचिव, ______ सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित.

विषय: भाग प्रमाणपत्र क्र. ___ वरील माझ्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील लेखनचूक दुरुस्त करण्याबाबत.

महोदय, मी सदनिका क्र. ___ चा सभासद असून शेअर क्र. ___ ते ___ माझ्या नावे आहेत. प्रमाणपत्रावर माझे नाव ______ असे लिहिले गेले आहे. माझ्या नोंदणीकृत करारनाम्यात आणि संस्थेकडील माझ्या मूळ सभासदत्व अर्जावर ते ______ असे आहे. ही केवळ लेखनातील चूक आहे. सदनिकेचे किंवा शेअरचे कोणतेही हस्तांतरण झालेले नाही आणि सभासद तीच व्यक्ती आहे. तरी व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत ठराव करून सभासद नोंदवही, सभासद यादी आणि भाग प्रमाणपत्र या तिन्हींमध्ये दुरुस्ती करावी व निर्णय लेखी कळवावा, ही विनंती. सोबत करारनामा, पॅन कार्ड, आधार कार्ड आणि प्रमाणपत्राच्या छायाप्रती जोडल्या आहेत.’

चुकीचं आणि बरोबर, दोन्ही स्पेलिंगं पत्रात कॅपिटल अक्षरांत लिहा. हाताने गिचमिड लिहिलं तर दुरुस्तीत नवी चूक येते. पत्र दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका. घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. तरीही दाद दिली नाही तर तुमच्या वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि तिथे पहिला प्रश्न पोचेचाच असतो. माझ्या पहिल्या पत्राची पोच नव्हती, म्हणून ते पाच आठवडे कागदावर घडलेच नाहीत.

सप्टेंबरच्या सभेत ठराव झाला. मध्ये एकदा सेक्रेटरी म्हणाले की जुन्यावरच व्हाइटनर लावून वर लिहितो, खाली सही करतो. त्याला अजिबात तयार होऊ नका. खाडाखोड केलेलं सर्टिफिकेट बँक किंवा वकील संशयानेच बघतात, कारण कोणी, कधी, कशाच्या आधारे खोडलं ते त्यावरून कळत नाही. चुकीचं नाव वाचता येईल अशी एकच रेघ मारून, शेजारी बरोबर नाव, ठरावाची तारीख, अध्यक्ष, सचिव आणि एका समिती सदस्याची सही व शिक्का, असं केलं तर चालतं. आम्ही मात्र नवीन सर्टिफिकेट मागितलं. जुनं परत घेऊन त्यावर ‘रद्द’ शिक्का मारून ते फायलीला लावलं आणि नव्यावर शेअर क्रमांक तेच, 86 ते 90, ठेवले. हे क्रमांक बदलू देऊ नका, नाहीतर जुन्या सर्टिफिकेटशी दुवा तुटतो. ‘डुप्लिकेट’ हा शब्दही त्यावर नको. ते हरवलेल्या सर्टिफिकेटसाठी असतं आणि त्याला पोलिसात तक्रार वगैरे मागतात.

ऑक्टोबरमध्ये सर्टिफिकेट हातात आलं. बाबा 79 वर्षांचे होते. त्यांनी चष्मा लावून अक्षरांवरून बोट फिरवलं, डी, एन, वाय, आणि मग म्हणाले, “आता माझं झालं.” त्यासाठी मी ताणलं, दादा.

आता तुमच्या अ‍ॅफिडेव्हिटचं. चूक सोसायटीची असेल आणि करारनामा बरोबर असेल तर अ‍ॅफिडेव्हिट आधी मागायचं कारण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुमच्या वेगवेगळ्या कागदांवर दोन्ही स्पेलिंगं असतील, तर ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून द्या, ते पुढेही कामाला येतं. ऑक्टोबर 2024 पासून त्याला शंभरचा नाही, पाचशेचा स्टॅम्प लागतो.

हे सगळं करारनामा बरोबर असेल तरच. करारनाम्यातच स्पेलिंग चुकलं असेल तर सोसायटीला दोष देऊ नका, तिने दस्तावरूनच लिहिलं असणार. तिथे आधी चूक दुरुस्ती दस्त नोंदवावा लागतो आणि त्यावर विकणाऱ्याचीही सही लागते. लग्नानंतर आडनावच बदललं असेल तर ती लेखनचूक नव्हे. तिथे लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागेल आणि तिथे ‘बदल’ हाच शब्द बरोबर. गृहकर्जामुळे मूळ सर्टिफिकेट बँकेत असेल तर पत्राची एक प्रत बँकेला द्या आणि दुरुस्तीसाठी ते कसं सोडतील हे लेखी विचारा. बँकेला न कळवता नवीन सर्टिफिकेट काढलं तर एकाच शेअरची दोन सर्टिफिकेटं फिरतील. घर दोघांच्या नावे असेल तर पत्रावर दोघांच्याही सह्या घ्या.

आणि सर्टिफिकेट तुमच्या आई किंवा वडिलांच्या नावे असेल, तर सही त्यांचीच लागेल, मुलांची चालणार नाही. ते असताना हे काम एका पत्राचं आहे. नंतर आधी वारसाची नोंद लावावी लागते आणि गेलेला माणूस आणि सर्टिफिकेटवरचा माणूस एकच होता हेही सिद्ध करावं लागतं.