पाच वर्षांपासून : 'सिन्स' की 'फॉर'?

"बायोडेटात मी 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' असं लिहिलं होतं. मैत्रिणीने 'सिन्स' खोडून 'फॉर' केलं, 'ॲम'सुद्धा बदललं. पण 'पासून' म्हणजे 'सिन्स' असंच आम्ही शाळेत शिकलो. मग चुकलं कुठे?"

मैत्रिणीच्या दोन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत. गोंधळ होतो तो आपल्या 'पासून'मुळे. आपण '२०१९ पासून' म्हणतो आणि 'पाच वर्षांपासून'ही म्हणतो. पहिल्यात सुरुवातीची खूण सांगितली आहे, दुसऱ्यात मधला काळ मोजला आहे. मराठीचा 'पासून' दोन्ही ओझी वाहतो. इंग्रजीने ती वाटून दिली आहेत: खूण 'सिन्स'कडे, मोजलेला काळ 'फॉर'कडे.

'सिन्स'चं मूळ पाहिलं की हे पटकन उमगतं. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ 'त्यानंतर' असा होता. त्यामुळे 'सिन्स' म्हटलं की ऐकणारा विचारतो, कशानंतर? त्याला २०१९, सोमवार, दिवाळी किंवा 'मी नोकरीला लागलो तेव्हा' असं काहीतरी हवं असतं. 'फाइव्ह इयर्स' ही खूण नाही, ते माप आहे. गंमत म्हणजे 'सिन्स फाइव्ह' एवढंच म्हटलं तर ते शुद्ध आहे, कारण तिथे पाच म्हणजे घड्याळातले पाच.

आता 'ॲम'. मराठीत 'मी इथे पाच वर्षांपासून काम करतोय' असा सरळ वर्तमानकाळ चालतो. जर्मनमध्येही असंच आहे. त्यांचा 'झाइट' हा शब्द खूण आणि माप दोन्हींना लागतो, क्रियापद वर्तमानकाळात राहतं, आणि म्हणूनच जर्मन माणूसही इंग्रजी बोलताना नेमका इथेच अडखळतो. इंग्रजीत मात्र काम मागे सुरू होऊन आजवर पोचलं असेल, तर ते दाखवायला 'हॅव' लागतं: 'आय हॅव वर्क्ड' किंवा 'आय हॅव बीन वर्किंग'. नोकरी, शिक्षण, राहणं यांच्या बाबतीत या दोन रूपांच्या अर्थात फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या रूपात काम चालू असल्याचा भाव थोडा ठळक होतो, इतकंच.

समजा, एकजण २०१६ ते २०१९ एका बँकेत होता, जून २०१९ मध्ये सध्याच्या कंपनीत लागला, आणि जून २०२३ पासून संध्याकाळी एम.कॉम. करतो आहे. जून २०२४ मध्ये तो अर्ज लिहायला बसला. सध्याच्या नोकरीबद्दल तो लिहील, 'आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स जून २०१९', नाहीतर 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. अभ्यासाबद्दल 'आय हॅव बीन स्टडिंग फॉर अ इयर'. बँकेबद्दल मात्र 'आय वर्क्ड इन अ बँक फॉर थ्री इयर्स', तिथे 'हॅव' नाही. 'फॉर' संपलेल्या काळालाही लागतो, त्यामुळे नोकरी सुटली की टिकून आहे हे क्रियापदच सांगतं. त्याने सध्याच्या नोकरीबद्दल 'वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की याने ही नोकरीही सोडली. मला 'सिन्स'च्या चुकीपेक्षा ही चूक जास्त महागाची वाटते, कारण तिथे अर्थच बदलतो.

चांगले इंग्रजी लिहिणारेही फसतात ते 'लास्ट'पाशी. 'सिन्स लास्ट इयर' बरोबर, कारण गेलं वर्ष ही मागची एक खूण झाली. 'सिन्स लास्ट फाइव्ह इयर्स' चूक, कारण पाचाचा आकडा आला की पुन्हा मोजमाप आलं. तिथे 'फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स' हवं. शंका आली की वाक्य मनात मराठीत फिरवावं. 'पासून'च्या जागी 'गेली' बसलं, जसं 'गेली पाच वर्षं', तर 'फॉर' घ्यावा. 'गेली २०१९' असं कुणी म्हणत नाही, म्हणून तिथे 'सिन्स'.

एक रचना अशी आहे की तिथे 'सिन्स' आणि 'फाइव्ह इयर्स' एकाच वाक्यात रीतसर येतात, आणि ती आपल्या मराठीच्या फार जवळची आहे. आपण म्हणतो, 'मला इथे लागून पाच वर्षं झाली'. इंग्रजीत, 'इट इज फाइव्ह इयर्स सिन्स आय जॉइन्ड'. 'इज'ऐवजी 'हॅज बीन'ही चालतं. इथे 'सिन्स'ला त्याची खूण मिळाली आहे, ती म्हणजे लागल्याचा दिवस. पाच वर्षं 'सिन्स'च्या आधी आली आहेत, त्याला जोडून नाहीत.