ए-बी-सी केलं, आता एक्स-वाय-झेड जोडून साठा कसा ठरवू?

प्रश्न: पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ए-बी-सी वर्गवारी झाली आहे. त्यात एक्स-वाय-झेड जोडलं तर नक्की कोणता माल किती ठेवायचा?

उत्तर: ए-बी-सी पैसा दाखवतं, ए म्हणजे सर्वात जास्त पैशाचा माल आणि सी म्हणजे सर्वात कमी. एक्स-वाय-झेड मागणीचा लहरीपणा दाखवतं. B ते G रकान्यांत सहा महिन्यांची विक्री भरा आणि लहरीपणा असा काढा:

```
=STDEV.P(B2:G2)/AVERAGE(B2:G2)
```

साधारणपणे 0.5 पर्यंत एक्स, 1 पर्यंत वाय, त्यावर झेड. हद्दी आपल्या मालाप्रमाणे हलवा.

समजा बेअरिंग सहा महिन्यांत 38, 42, 40, 41, 39, 40 गेलं. उत्तर 0.03, म्हणजे एक्स. ते ए गटात असेल तर दर आठवड्याला थोडं मागवा, राखीव साठा अगदी कमी. सी-एक्स असेल तर दोन खोके ठेवा. एक रिकामं झालं की ऑर्डर द्या, रोज मोजत बसू नका.

महागडा इम्पेलर मात्र 0, 0, 12, 0, 0, 6 गेला. उत्तर 1.53, म्हणजे ए-झेड. इथे सरासरी 3 धरून साठा केलात तर पैसा अडकतो आणि 12 ची ऑर्डर आली की साठा तरीही कमीच पडतो. ते 12 कोणी घेतले ते बिलात बघा. बहुतेक एकच गिऱ्हाईक निघतं, वार्षिक दुरुस्तीवालं. त्याच्याकडून तारीख आधी घ्या आणि ऑर्डरवरच मागवा.

एक फसगत मी स्वतः केली आहे: शून्य विक्रीचे महिने माल संपल्यामुळे होते, आणि चांगला एक्स माल झेडमध्ये गेला. स्टॉक रजिस्टरमध्ये शिल्लक शून्य असलेले महिने आधी वगळा.