सिम हरवल्यावर रमीच्या अकाउंटचा नंबर कसा बदलावा?

प्रश्न: माझं सिम हरवलं. रमीच्या ॲपमध्ये तोच नंबर आहे, थोडे पैसेही आत आहेत. अकाउंट लॉक न होता नंबर आणि ईमेल कसा बदलू?

भाऊ, आधी नंबर बदलायचं डोक्यातून काढा. तोच नंबर परत मिळत असेल तर अकाउंटला हात लावायची गरजच नाही. मी जळगावात सिम-रिचार्जचं दुकान चालवतो. असे गिऱ्हाईक येतात तेव्हा दहातल्या बहुतेकांचं काम डुप्लिकेट सिमवरच भागतं.

कस्टमर केअरला फोन करून जुनं सिम आजच बंद करा आणि आधार घेऊन कंपनीच्या स्टोअरला जा. आपल्याकडे अडतं ते इथे: सिम वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या नावावर असतं. ज्याच्या नावावर सिम, त्यालाच बोटाचा ठसा द्यायला जावं लागतं. वडील शिरपूरला आणि तुम्ही जळगावात असाल, तर ते शिरपूरच्याच स्टोअरमधून सिम काढू शकतात का, हे आधी फोनवर विचारून घ्या.

आता खरी गोम. नवं सिम चालू झाल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद असतो, येणाराही आणि जाणाराही. सिम-स्वॅपची फसवणूक रोखायला दूरसंचार विभागानेच हा नियम केलाय. फोन लागतो, नेटही चालतं, म्हणून माणसाला वाटतं सगळं सुरू झालं. मागे अमळनेरचा एक मुलगा सिम घेऊन घरी गेला आणि रात्रीच ॲप उघडून बसला. ओटीपी येईना, म्हणून ‘रिसेंड’ दाबत राहिला. मग अंदाजाने आकडे टाकले, आणि शेवटी ॲपनेच लॉगिन बंद केलं. त्याचे पैसे सुरक्षित होते, पण कागदपत्रं पाठवून अकाउंट उघडायला वेळ गेला. नंबर त्याचाच होता, सिमही त्याचंच. नडली ती फक्त घाई. म्हणून मित्राला एक साधा एसएमएस पाठवायला सांगा. तो आला की मगच ओटीपी मागा, आणि एकदाच मागा.

नंबर कायमचा गेला असेल, म्हणजे रिचार्जविना बंद पडून दुसऱ्याला दिला गेला असेल, तर रस्ता वेगळा. जुन्या मोबाइलवर ॲप अजून लॉगिन असेल तर लॉगआउट करू नका, ॲप काढूही नका. ओळखीच्या फोनवरून केलेला बदल सिस्टीमला कमी खटकतो. प्रोफाइलमध्ये ईमेलवर ओटीपी घेऊन नंबर बदलायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर ॲपच्या आतल्या मदतीतून किंवा नोंदवलेल्या ईमेलवरूनच लिहा. पत्रात जुना नंबर, नवा नंबर, पॅनवरचं नाव आणि शेवटी पैसे भरले त्या व्यवहाराचा 12 आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक द्या. तो तुमच्या यूपीआय ॲपच्या हिस्टरीत दिसतो. अकाउंट तुमचंच आहे याचा तो चांगला पुरावा, कारण तो चोराला सहसा माहीत नसतो.

नंबर आणि ईमेल एका दिवशी बदलू नका. नवा फोन, नवा नंबर, नवा ईमेल आणि लगेच पैसे काढायची विनंती, हे चारही एकत्र आले की कोणत्याही कंपनीला अकाउंट चोरलंय असंच दिसतं. आधी नंबर बदला, बदल झाल्याचा मेल येऊ द्या, मग ईमेल, आणि पैसे सगळ्यात शेवटी. बदलानंतर काही काळ पैसे काढणं थांबवलंय असा संदेश आला तर तो लॉक नव्हे, वाट पाहा. व्हीपीएन लावू नका. दुसरं अकाउंट तर अजिबात उघडू नका, एकाच पॅनवर दोन सापडली की दोन्ही अडकतात.

ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला आणि मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. त्यामुळे हा सगळा खटाटोप आत राहिलेली रक्कम काढण्यापुरताच करा. रक्कम तुमच्याच नावाच्या बँक खात्यात घ्या, भावाच्या खात्यात मागितली की नाव जुळत नाही. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर 30 टक्के टीडीएस कापला जातो, तेव्हा पैसे कमी आले म्हणून घाबरू नका.

तुमचं अकाउंट ॲपचं नसून व्हॉट्सॲपवरच्या एजंटने दिलेला ‘आयडी’ असेल, तर त्याला आधार किंवा पॅनचा फोटो नंबर बदलायच्या नावाखाली पाठवू नका. तिथे दाद मागायला कुणी नाही. गुगलवर सापडलेल्या कस्टमर केअर नंबरचंही तसंच. ‘स्क्रीन शेअर करा’ किंवा ‘ओटीपी सांगा’ म्हटलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 ला फोन लावा.