सेन्सॉर, प्रशंसा आणि उडवलेली पोस्ट

प्रश्न : समाजमाध्यमांवरच्या एका धोरणविषयक निबंधात कंपनीने पोस्ट काढण्याला ‘सेन्सॉरशिप’ म्हटलंय. मग ‘कंटेंट मॉडरेशन’ला मराठीत ‘अभ्यवेक्षण’ म्हणावं का?

मुळीच नको. पोस्ट उडाली की ‘सेन्सॉरशिप, सेन्सॉरशिप’ हा टाहो ऐकून कान किटलेत. अनुच्छेद १९ मधलं भाषणस्वातंत्र्य मुख्यतः सरकारपुढे मागायचा हक्क आहे. कंपनी आपल्या नियमांनुसार मजकूर काढते, त्याला ‘मजकूर-नियमन’ पुरे. आणि सेन्सॉरशिपसाठी घडवलेला ‘अभ्यवेक्षण’ हा शब्द म्हणजे नुसतं बघणं. काटछाट त्यात कुठेच नाही. परिभाषा ठरवणाऱ्या विद्वानांना हे सुचू नये?

खरी गंमत ‘सेन्सॉर’मध्ये आहे. लॅटिन ‘सेन्सेरे’ म्हणजे मोजणं, किंमत ठरवणं, मत देणं. त्याचं नातं आपल्या ‘शंस्’ धातूशी लावतात, म्हणजे ‘प्रशंसा’तला ‘शंस्’! मुळात अर्थ जाहीर बोलण्याचा. रोममधले दोन सेन्सॉर नागरिकांची गणती करत आणि वागणूक बिघडलेल्यांची नावं सिनेटच्या यादीतून काढत. इ. स. पू. १८४ मध्ये सेन्सॉर झालेल्या केटोने मॅनिलियस नावाच्या सिनेटरला काढलं, कारण काय, तर त्याने भरदिवसा मुलीसमोर बायकोला मिठी मारली. (आजच्या कुठल्याही कंपनीची अश्लीलतेची नियमावली यापुढे उदार वाटेल.) पण नावापुढे खूण होई, कारण नोंदवलं जाई, जोडीदार सेन्सॉरची संमती लागे आणि पुढचे सेन्सॉर डाग पुसूही शकत. माझ्या मते म्हणूनच कारण न सांगणारा तो सेन्सॉरच नव्हे, ‘शंस्’ गेला की उरते नुसती कात्री.

आता आपल्याकडे बघा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला नियम ४(८) म्हणतो की मोठ्या माध्यमाने स्वतःहून काही ठरावीक कारणांसाठी मजकूर काढला, तर आधी वापरकर्त्याला कारण कळवावं आणि हरकत घ्यायची संधी द्यावी. प्रत्यक्षात येतो तो ‘आमच्या धोरणाचा भंग’ असा साचेबंद निरोप. कोणतं वाक्य, कोणता नियम, पत्ता नाही. तरी निदान भांडायला कागद मिळतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकारने मजकूर रोखण्याचा हुकूम काढला तर तेही नाही. त्यासाठीच्या २००९ च्या नियमांतला नियम १६ तक्रार, विनंती आणि कारवाई या साऱ्यांवर गोपनीयता लादतो. ट्विटरने असेच हुकूम कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हानले, खातेदारांना नोटीसच नाही हा मुद्दाही मांडला. ३० जून २०२३ ला याचिका फेटाळली गेली, वर ५० लाखांचा भुर्दंड. ज्याचं खातं बंद झालं त्याला वाटतं कंपनीनेच मुस्कटदाबी केली, आणि निबंधकारही शिव्या तिलाच देतात. हुकूम सुटतो दिल्लीतून, आणि त्यावर कारण लिहिलेलं असलं तरी ते खातेदाराच्या हाती पडत नाही.